यमकाची साखळी आणि शेवटची कडी



माझा व्यवसाय होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या देण्याचा. तेव्हा मी छंदाविषयी बोलायला उभा राहतो, हे आपल्यापैकी काहींना अनधिकार वाटेल. पण हे शहर तसे छंदाचेच. ‘छंदोरचना’कार माधव जूलियन यांचा जन्म १८९४ साली याच बडोद्यात झाला. त्या पुण्याईवर थोडे धाडस करतो. विषय लहान आहे: तेर्झा रीमा हा इटालियन रचनाप्रकार, त्यातली यमकाची साखळी आणि ती साखळी संपवायची कशी.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे. माझी थोरली बहीण गेली, त्याला वर्ष होत आले होते. पहिल्या स्मृतिदिनाला घरच्यांनी एक छोटी पुस्तिका काढायचे ठरवले आणि पहिल्या पानावर माझी कविता घ्यायची, असे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले. मी तीन-तीन ओळींची कडवी लिहिली. पुस्तिका छापायला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ती एका वृद्ध शिक्षकांना वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, “डॉक्टर, कविता बरी आहे. पण तुमची एक ओळ पोरकी राहिली.” मला वाटले, शेवटची ओळ म्हणत असतील. ते म्हणाले, “शेवटची नव्हे. तिच्या आधीची.”

ती कविता आपल्यासमोर ठेवतो. कवितेची थोरवी सांगण्यासाठी नव्हे. आजारी माणूस समोर असला की आजार समजावणे सोपे जाते म्हणून. अष्टाक्षरी आहे, प्रत्येक ओळीत आठ अक्षरे.

संध्याकाळी तुझे दार
अंगणात मंद हवा
हाक येई हळुवार

वळचणीला पारवा
विहिरीचे गोड पाणी
ओट्यावरती गारवा

ओठी तुझी जुनी गाणी
आता कुलूप गंजले
भिंती सांगती कहाणी

आता यमके पाहा. पहिल्या त्रिपदीत ‘दार’ आणि ‘हळुवार’ जुळतात, मधली ‘हवा’ एकटी उरते. तिचे सोबती पुढच्या त्रिपदीच्या दोन्ही कडांना भेटतात: ‘पारवा’ आणि ‘गारवा’. तिथे मधे ‘पाणी’ एकटे, त्याला तिसऱ्या त्रिपदीत ‘गाणी’ आणि ‘कहाणी’ मिळतात. अक्षरांत मांडायचे तर अबअ, बकब, कडक. प्रत्येक कडव्याची मधली ओळ हे पुढच्या कडव्याला दिलेले वचन असते. म्हणून ही रचना सतत पुढे ओढत नेते. एका कडव्यावर थांबावे म्हटले तरी कानाला थांबता येत नाही.

आपल्याकडे साखळी नाही असे नव्हे. मोरोपंतांचे दामयमक आठवा: एका चरणाच्या शेवटची अक्षरे दुसऱ्याच्या आरंभी येतात. पण तिथे एक कडी लगेच शेजारच्या कडीत अडकते. तेर्झा रीमात एक ओळ ओलांडून अडकते, आणि प्रत्येक नाद तीनदा येतो. उलट आपली ओवी घ्या. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड चरण मोकळा. ती आपल्यापुरती पूर्ण असते; पुढच्या ओवीकडे यमकाचे काही देणे ठेवत नाही.

या फरकाचा एक व्यावहारिक परिणाम आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठ बिघडले होते म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, तिचे शुद्धीकरण केले आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, अशी ताकीदही दिली. ओवी स्वयंपूर्ण असल्यामुळे मधे एखादी वाढली वा गळली, तरी यमक काही तक्रार करत नाही. अर्थावरूनच ओळखावे लागते. तेर्झा रीमात नक्कलकाराने एक त्रिपदी गाळली तर यमक तिथेच तुटते. माझ्या कवितेतली मधली त्रिपदी काढून पाहा: ‘हवा’ही एकटी पडते आणि ‘गाणी-कहाणी’लाही मागचा दुवा राहत नाही. हीच या रचनेची अडचणसुद्धा आहे. एक कडवे आवडले नाही म्हणून ते सहज खोडता येत नाही. दोन्ही बाजूंचे टाके पुन्हा घालावे लागतात.

आता पोरक्या ओळीकडे येऊ. ‘आता कुलूप गंजले’ ही ओळ मधली आहे, म्हणजे वचन देणारी. पण पुढे कडवेच नाही. ‘कहाणी’ हा शेवटचा शब्द जुळलेला असल्यामुळे डोळ्याला सगळे ठीक दिसते. कानाला मात्र काहीतरी राहिल्यासारखे वाटते आणि नेमके काय, ते सापडत नाही. निदानाची रीत सोपी आहे. प्रत्येक ओळीचा अंत्य शब्द एकाखाली एक लिहा आणि कोणता नाद किती वेळा आला ते मोजा. पहिला नाद दोनदा आला तर चालते, कारण त्याच्या मागे कोणी नाही. मधले सगळे तीनदा यायला हवेत. एकदाच आलेला नाद हा रोग. नियम पाळून तीन-तीन ओळींतच थांबलात तर तो उपान्त्य ओळीत असणारच, कारण ही चूक कवीच्या हातून नव्हे, गणितातून येते.

त्यावर पहिला उपाय दांतेचा. ‘डिव्हाइन कॉमेडी’चा प्रत्येक सर्ग शेवटच्या त्रिपदीनंतर एका सुट्या ओळीने संपतो आणि ती ओळ आधीच्या मधल्या ओळीशी जुळते. ती दिसते एकटी, पण पोरकी नाही. ग्रंथात शंभर सर्ग आणि १४,२३३ ओळी आहेत. शंभर सर्गांच्या शंभर सुट्या ओळी वजा करा: १४,१३३ उरतात आणि त्यांना तिनाने नेमका भाग जातो, ४,७११ त्रिपद्या. पहिल्या सर्गात १३६ ओळी आहेत, म्हणजे ४५ त्रिपद्या आणि एक. माझ्या कवितेत हा उपाय असा होतो:

ओठी तुझी जुनी गाणी
आता कुलूप गंजले
भिंती सांगती कहाणी

पाऊल माझे थिजले

ही सुटी ओळ अवघड असते ती अर्थामुळे. तिच्या भोवती रिकामी जागा असते, म्हणून तिला नवे काही सांगावे लागते. नुसते यमक भरायला आलेली ओळ तिथे उघडी पडते. दांतेच्या तिन्ही खंडांच्या अखेरच्या ओळीचा शेवटचा शब्द एकच आहे, ‘तारे’. इतके वजन पेलणारा शब्द असला तर ती ओळ उभी राहते.

दुसरा उपाय शेलीचा. १८१९ साली लिहिलेल्या ‘ओड टु द वेस्ट विंड’मध्ये पाच भाग आहेत, प्रत्येकात चार त्रिपद्या आणि शेवटी दोन ओळींची जोडी. बारा अधिक दोन म्हणजे चौदा. केशवसुतांनी मराठीत रुजवलेल्या सुनीताचीही ओळसंख्या तीच, म्हणून आपल्या कानाला ही लांबी परकी वाटू नये. या जोडीने शेवटचा नादही तीनदा येतो. मी लिहून पाहिले:

पाऊल माझे थिजले
अंगण सारे भिजले

आणि लगेच खोडले. ‘गंजले, थिजले, भिजले’ असे तिन्ही शब्द एकाच साच्यातले. आणि शेवटच्या दोन शेजारी बसल्याने निकाल वाचून दाखवल्यासारखे वाटते. मराठीत हा धोका फार. आपल्याकडे ‘-ले, -ली, -तो, -ते’ अशा क्रियापदांची यमके रस्त्यावर पडलेली मिळतात. तीनदा यमक लागते म्हणून हात तिकडेच जातो, आणि दोन शेजारच्या कडव्यांत ‘-ली’ आणि ‘-ला’ आले की साखळीच्या कड्या एकमेकींत मिसळून जातात. कोणती कुठे अडकली, हे कानाला कळेनासे होते. एका नादाच्या तीन शब्दांत निदान एक नाम असावे, आणि शेजारच्या नादांचे स्वर स्पष्ट वेगळे असावेत. मधल्या ओळीत एखादा शब्द बसवण्याआधी त्याचे दोन सोबती कागदाच्या कडेला लिहून ठेवावेत. ते मिळत नसतील तर तो शब्द कितीही आवडला तरी मधे घेऊ नये, कडेला न्यावा.

तिसरा उपाय मला अखेरीस पटला. सुटी ओळ नाही, जोडीही नाही. शेवटच्या त्रिपदीची मधली ओळ कवितेच्या पहिल्याच नादाशी जुळवायची: अबअ, बकब, कअक. पहिला नाद दोनदाच आला होता, त्याचे एक येणे बाकी होते. ते इथे फिटते. तिन्ही नाद तीन-तीनदा, नऊ ओळी, बाकी शून्य. मला फक्त एक ओळ बदलावी लागली.

ओठी तुझी जुनी गाणी
दारी कुलपाचा भार
भिंती सांगती कहाणी

‘दार, हळुवार, भार’. ज्या दाराने कविता उघडली, त्याच दाराला शेवटी कुलूप लागले. गंजलेल्या कुलपाविषयी मी जे सांगू पाहत होतो, ते गंज न म्हणता सांगून झाले.

या उपायालाही मर्यादा आहे. नऊ ओळींत कानाला ‘दार’ आठवते. तीस ओळींनंतर आठवणार नाही. मग वर्तुळ कागदावर पूर्ण होते, ऐकणाऱ्याला मात्र ती ओळ पोरकीच वाटते. म्हणून चार-पाच त्रिपद्यांपर्यंत वर्तुळ बरे. त्याहून लांब कवितेला दांतेची एक ओळ किंवा शेलीची जोडी घ्यावी. कवितेचे भाग पाडले असतील तर प्रत्येक भाग त्याच्यापुरता बंद करावा. आणि यांपैकी काय करायचे, ते पहिल्या त्रिपदीबरोबरच ठरवावे. मी ते शेवटी ठरवायला गेलो, म्हणून पोरकी ओळ जन्माला आली.

पुस्तिका एक दिवस उशिरा छापायला गेली. शिक्षकांना बदललेली प्रत नेऊन दिली. त्यांनी ती वाचली नाही. मलाच वाचायला लावली आणि पुन्हा डोळे मिटले. ‘भार’ शब्दाला त्यांची मान किंचित हलली. ताईच्या घराची किल्ली तेव्हा माझ्या खिशात होती. परतताना तिथे गेलो, कुलूप काढले आणि थोडा वेळ ओट्यावर बसलो.