नव्याचा पगार आणि जुन्याचा न्याय

(वसई परिसरातील लघुउद्योजक, कार्यालयप्रमुख, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवली या बाजूस गेले असता गाळ्यांमागून गाळे लागतात. कोठे सुटे भाग कातले जातात, कोठे साचे घडविले जातात. अशा गाळ्यांतून मालकासमोर एक प्रश्न वारंवार उभा राहतो. मागणी वाढलेली असते, एक कुशल कामगार तातडीने हवा असतो आणि बाजारात जो मिळतो तो जुन्या कामगारांपेक्षा अधिक पगार मागतो. नवा माणूस त्या दराने घेतला, तर तेच काम वर्षानुवर्षे करणाऱ्यांचे काय? त्यांचा पगार वाढवावा काय? वाढवावयाचा तर किती आणि कोणाचा?

हा प्रश्न गाळ्यापुरता मर्यादित नाही. शासकीय सेवेतही तो उद्भवला आहे आणि तेथील अनुभव बोधप्रद आहे. सहाव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या शिफारशी १ जानेवारी २००६ पासून लागू झाल्या, तेव्हा त्या दिवशी वा त्यानंतर सरळसेवेने नियुक्त होणाऱ्यांसाठी प्रत्येक ग्रेड वेतनास किमान प्रारंभिक वेतन ठरविण्यात आले. ४,६०० रुपये ग्रेड वेतनाच्या पदावर येणाऱ्या नवागतास वेतनबँडमधील १२,५४० रुपये आणि ग्रेड वेतन ४,६०० रुपये, असे एकूण १७,१४० रुपये मिळू लागले. आता त्याच पदावर पदोन्नतीने पोहोचलेल्या कर्मचाऱ्याचे उदाहरण घ्यावे. खालच्या पदावर त्याचे वेतन १०,२३० अधिक ४,२०० रुपये, म्हणजे १४,४३० रुपये होते. पदोन्नतीच्या वेळी तीन टक्के वेतनवाढ ४४० रुपये झाली. नवे ग्रेड वेतन धरून त्याचे वेतन १५,२७० रुपयांवर निश्चित झाले. म्हणजे अनुभवी कर्मचारी नवागतापेक्षा दरमहा १,८७० रुपयांनी मागे राहिला. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. नवागतासाठी एक नियम झाला आणि पदोन्नतीसाठी दुसरा, परंतु दोन्ही नियम शेजारी ठेवून कोणी पाहिले नाहीत, एवढेच घडले. भरती नियमांत सरळसेवेची तरतूद असलेल्या पदांवरील पदोन्नत कर्मचाऱ्यांसाठी ही तफावत दूर करणारे ज्ञापन केंद्रीय वित्त मंत्रालयाने २८ सप्टेंबर २०१८ रोजी काढले. मधल्या काळात बारा वर्षे उलटून गेली होती.

शासकीय नियमांत अशा वेतनत्रुटीवर जुना उपाय आहे. कनिष्ठाचे वेतन ज्येष्ठाच्या वर गेले, तर त्या दिनांकापासून ज्येष्ठाचे वेतन कनिष्ठाइतके वाढवून दिले जाते. मात्र त्यास अटी आहेत. दोघे एकाच संवर्गातील असावेत, पद आणि वेतनश्रेणी समान असावी, आणि तफावत वेतन निश्चितीच्या नियमामुळेच निर्माण झालेली असावी. कनिष्ठाला पूर्वीच आगाऊ वेतनवाढी मिळाल्या असतील, तर ज्येष्ठास तो लाभ मागता येत नाही. या अटींमागील विचार सर्वत्र उपयोगी पडणारा आहे. काम खरोखर सारखे आहे काय, हे प्रथम ठरवावे. त्यानंतर फरकाचे कारण शोधावे. कारण माणसाच्या गुणात असेल तर फरक राहू द्यावा. ते केवळ नेमणुकीच्या वेळेत असेल तर तो दूर करावा.

हाच विचार आता एका गाळ्यास लावून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील हिशेब प्रत्यक्षातील आहे. चौदा कामगारांचा एक कारखाना आहे. तेथे सीएनसी यंत्रावर तीन ऑपरेटर काम करतात. पहिल्याची नऊ वर्षे झाली असून त्यास १९,८०० रुपये मिळतात. दुसऱ्याची सहा वर्षे झाली, त्याचा पगार १८,९०० रुपये. तिसरा तीन वर्षांचा, त्याचा पगार १८,००० रुपये. नवा माणूस चार वर्षांचा अनुभव घेऊन येतो आणि २२,००० रुपयांखाली येण्यास तयार नाही.

मालकाने नेमणूकपत्र देण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि चौघांची कामे त्यावर मांडावी. यंत्र कोण चालवितो, सेटिंग कोण करतो, पहिला नग कोण तपासतो, हे पदनामावरून ठरवू नये. प्रत्यक्ष आठवड्याभराच्या कामावरून ठरवावे. समजा असे आढळले की नवा माणूस सेटिंग स्वतः करतो. जुन्यांपैकी पहिला तेही करतो, दुसरा व तिसरा मात्र केवळ यंत्र चालवितात. येथे फरकाचे दोन भाग पडतात. सेटिंगचे कौशल्य हा एक भाग, त्याचे मोल दरमहा १,५०० रुपये धरू. उरलेले २०,५०० रुपये हा चार वर्षांच्या साध्या ऑपरेटरचा आजचा बाजारभाव झाला. सेटिंगचे १,५०० रुपये ज्याला ते काम येते त्या प्रत्येकास मिळाले पाहिजेत. ते नव्यास देऊन नऊ वर्षांच्या कामगारास नाकारले, तर ती रक्कम कौशल्याची राहत नाही, ती केवळ नवेपणाची ठरते.

अनुभवाच्या प्रत्येक वर्षास २०० रुपये असे प्रमाण धरले, तर हिशेब सरळ होतो. तिसऱ्याचा पगार २०,३०० रुपये व्हावा, म्हणजे वाढ २,३०० रुपये. दुसऱ्याचा २०,९०० रुपये, वाढ २,००० रुपये. पहिल्यास २०,५०० रुपयांवर पाच वर्षांचे १,००० आणि सेटिंगचे १,५०० मिळून २३,००० रुपये, म्हणजे वाढ ३,२०० रुपये. एकूण वाढ दरमहा ७,५०० रुपये झाली. तेव्हा नवा माणूस २२,००० रुपयांना पडतो ही समजूत चुकीची आहे. तो २९,५०० रुपयांना पडतो. ही संख्या परवडत नसेल, तर ते नेमणुकीपूर्वी कळणे हिताचे असते. तशा वेळी दुसऱ्या ऑपरेटरला सेटिंग शिकवून यंत्रावर नवशिका घेणे स्वस्त पडते काय, हे पाहावे. नव्यास बाजारभावाचा काही भाग एकरकमी देऊन मासिक पगार जुन्यांच्या रांगेत ठेवणे, हाही एक मार्ग आहे. मात्र ती रक्कमही जुन्यांपासून लपवू नये, कारण ती कळल्यावाचून राहत नाही.

७,५०० रुपये एकदम देणे जड जात असेल, तर टप्पे पाडावेत. पहिल्याची तफावत सर्वांत मोठी व उघड आहे, म्हणून त्यास पूर्ण ३,२०० रुपये नव्याच्या रुजू होण्याच्या महिन्यापासूनच द्यावे. दुसऱ्यास १,००० आणि तिसऱ्यास १,१५० रुपये तेव्हाच देऊन उरलेली निम्मी वाढ सहा महिन्यांनी द्यावी. दिनांक पत्रावर लिहून द्यावा. तोंडी दिलेला शब्द पुढच्या मंदीत मालकालाही आठवत नाही.

वाढ देताना दोन गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष होते. कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये ठरविण्यात आली. त्या मर्यादेने पाहता २३,००० रुपयांवर गेलेला पहिला कामगार चालू अंशदान कालावधी संपल्यावर योजनेबाहेर पडतो. हा कालावधी ३० सप्टेंबर वा ३१ मार्च रोजी संपतो. त्यानंतर काही काळाने त्याच्या कुटुंबाचा वैद्यकीय लाभही थांबतो. म्हणून वाढीच्या दिवशी लागू असलेली मर्यादा पाहावी, त्यास आधी कल्पना द्यावी आणि पर्यायी आरोग्य विम्याचा खर्च हिशेबात धरावा. दुसरी गोष्ट उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची. ती शेवटच्या वेतनावर मागील सर्व वर्षांसाठी मोजली जाते. सगळी वाढ मूळ वेतनात धरली, तर ३,२०० रुपयांस पंधराने गुणून सव्वीसाने भागावे आणि नऊ वर्षांनी गुणावे. सुमारे १६,६१५ रुपयांची देयता त्याच दिवशी वाढते.

या प्रश्नात चुकीचे मार्ग ठरलेले आहेत. नव्यास वेगळे पदनाम देऊन काम मात्र तेच ठेवणे, फरक रोखीने पाकिटातून देणे, किंवा जो तक्रार करील त्याचाच पगार वाढविणे. या तिसऱ्या मार्गाने कारखान्यात एकच धडा शिकविला जातो, तो म्हणजे दुसरीकडचे बोलावणे दाखविल्यावाचून येथे काही मिळत नाही. शिवाय जुनी कामगार स्त्री आणि नवा पुरुष असेल, तर समान कामास कमी वेतन देणे हा कायद्याचाच भंग होतो. हे तत्त्व १९७६ च्या समान वेतन कायद्याने घालून दिले आणि २०१९ च्या वेतन संहितेत ते कायम आहे.

तफावत उघड झाल्याची लक्षणे तक्रारीपूर्वीच दिसतात. जुना कारागीर नव्यास युक्त्या सांगणे बंद करतो. जादा वेळेस थांबण्यास नकार देतो. अनुभवाचा दाखला मागतो. मग एखाद्या पगाराच्या दिवशी तो मालकासमोर येऊन म्हणतो, "शेठ, नऊ वर्षं मशीन बंद पडू दिलं नाही. कालच्या पोराला माझ्यापेक्षा जास्त, हे कसं?" यावर "बाजारभाव तसा आहे" हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. तो बाजारभाव जुन्यालाही लागू आहे, आणि दुसऱ्या गाळ्यात जाऊन तो ते सिद्ध करू शकतो. कागद तयार असेल तर मालकास असे उत्तर देता येते, "भाऊ, सेटिंगचे पैसे तुम्हालाही त्याच महिन्यापासून लावले आहेत, वर्षांचे वेगळे धरले आहेत. हा हिशेब बघा, चूक असेल तर सांगा." हिशेब दाखविता येणे हीच येथे न्यायाची कसोटी आहे. जो फरक कामगारासमोर मांडून समजावता येत नाही, तो बहुधा समर्थनीय नसतो.

हा कागद नव्या नेमणुकीच्या घाईत प्रथमच लिहावयास घेऊ नये. वर्षातून एकदा, भरतीचा विचारही नसताना, प्रत्येक कामाचा बाहेरील दर विचारून तो जुन्यांच्या पगाराशेजारी मांडावा. केंद्र शासनात दोन नियम शेजारी मांडण्यास बारा वर्षे लागली. चौदा माणसांच्या गाळ्यात ते काम एका दुपारचे आहे.