फलकावर काय लिहायचं? लेक लाडकी योजनेविषयी थोडं
(गिरड येथील बैठकीत गटातील महिलांसमोर केलेलं भाषण)



तालुक्याच्या गावी नगरपंचायतीचं योजनांचं शिबिर आहे. लेक लाडकी योजनेच्या फलकासाठी एक ओळ आपल्या गटांनी सुचवावी, असा निरोप आला. आपल्यातल्या एका ताईने लगेच लिहून आणली, "मुलगी झाली, एक लाख मिळाले!" वाचायला छान आहे. पण हा फलक लागला तर दुसऱ्याच दिवशी लोक अंगणवाडीत जाऊन सेविकेला विचारतील, आमचे लाख रुपये कुठं आहेत? आणि ती बिचारी काय सांगेल?

पैसे एकदम मिळत नाहीत. मुलगी जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत गेली की ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार, आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५ हजार. सगळे मिळून १ लाख १ हजार होतात. म्हणजे मोठी रक्कम शेवटी आहे, आणि त्या वेळी मुलगी अविवाहित असली पाहिजे. म्हणून १८ च्या आत लग्न उरकलं तर ते ७५ हजार जातात. माझ्या मते फलकावर सगळ्यात मोठ्या अक्षरात हेच पाहिजे.

आता कोणाला मिळते? मुलीचा जन्म १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतरचा पाहिजे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झालेली मुलगी यात बसत नाही, कितीही हळहळ वाटली तरी. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी पाहिजे, पांढरं चालत नाही. कुटुंब महाराष्ट्रात राहणारं पाहिजे. आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या वर नको. इथंच पुष्कळ जणी फसतात. केशरी कार्ड आहे म्हणजे झालं, असं वाटते. पण कार्ड वेगळं आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला वेगळा. दोन्ही लागतात.

एक उदाहरण घेऊ. समजा एका बाईला पहिला मुलगा २०२१ मध्ये झाला आणि दुसरी मुलगी जून २०२४ मध्ये. कार्ड केशरी, दाखल्यावर उत्पन्न ७२ हजार. ती बाई म्हणते, "मला आधीच पोरगा आहे, मला कुठून मिळते?" तर मिळते. एक मुलगा आणि एक मुलगी असेल तरी १ एप्रिल २०२३ नंतरच्या मुलीला लाभ आहे. जन्मानंतरचे ५ हजार तिला मागता येतात. मुलगी पहिलीत जाईल तेव्हा, म्हणजे साधारण २०३० मध्ये, ६ हजारांसाठी शाळेचा बोनाफाईड लागेल आणि सोबत कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्रही लागेल. ती शस्त्रक्रिया आईची किंवा बापाची, कोणाचीही चालते. (हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे ती बाईच्याच वाट्याला येते असं धरूनच चालतात.) पहिलंच अपत्य मुलगी असेल, तर हे प्रमाणपत्र तिसऱ्या हप्त्याला, म्हणजे सहावीच्या वेळी, मागतात. आपल्या उदाहरणातली मुलगी जून २०४२ मध्ये १८ ची होईल, तेव्हा ७५ हजारांची वेळ. त्या वेळी मतदार यादीत तिचं नाव आहे हे दाखवावं लागते आणि लग्न झालेलं नाही असं स्वयंघोषणापत्र द्यावं लागते.

दुसऱ्या बाळंतपणात जुळं झालं तर? त्यात एक मुलगी असो की दोन, लाभ मिळतो, पण त्यानंतर शस्त्रक्रिया करावी लागते.

अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. मुलीचा जन्मदाखला, पालकांचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, एवढं घेऊन जा. पहिल्या हप्त्याला मुलीचं आधार नसलं तरी अडत नाही, पुढच्या वेळी लागते. जन्मदाखल्यावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव, दोन्ही नीट वाचून घ्या. एका ठिकाणी माहेरचं आडनाव, दुसऱ्या ठिकाणी सासरचं, असं असलं की अर्ज परत येतो आणि पुन्हा चकरा सुरू.

तर मी फलकासाठी असं लिहून आणलं आहे:

"लेक लाडकी योजना. मुलीचा जन्म १ एप्रिल २०२३ नंतर (त्या दिवशीचाही चालेल). रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाखापर्यंत. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत पाच टप्प्यांत एकूण १ लाख १ हजार रुपये. शेवटचे ७५ हजार १८ वर्षं पूर्ण झालेल्या अविवाहित मुलीलाच. अंगणवाडी सेविकेला भेटा."

लांब झालं, मला मान्य आहे. फलकवाला म्हणेल, अक्षरं मावत नाहीत. तर चित्र लहान करा म्हणावं, पण उत्पन्नाची ओळ आणि जन्मतारखेची ओळ काढू देऊ नका.

आता तुमच्यापैकी कोणाच्या घरी २०२३ नंतरची मुलगी आहे, त्यांनी मागं थांबा. कार्डाचा रंग आधी पाहू.