रोजनिशीतून शकावलीकडे

कुणाच्या माळ्यावर पणजोबांची मोडीतली रोजनिशी असेल, तर तिचा सारांश थेट चोपडीवरून काढू नका. आधी ओळीला ओळ अशी बाळबोध नक्कल उतरवा आणि समासात पान क्रमांक टाका. मोडीत शिरोरेघ आधी ओढलेली असते, शब्द सलग लिहिलेले असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा धरबंध नसतो. शब्द कुठे तोडायचा हे ठरवणं म्हणजेच अर्धं वाचन. लागला नाही तो शब्द चौकोनी कंसात प्रश्नचिन्हासह ठेवा, अंदाज खपवू नका. शुद्धलेखनही सुधारू नका.

सगळ्यात फसवी जागा आकड्यांची. ‘१।’ म्हणजे सव्वा, ‘१॥’ म्हणजे दीड. नवखा माणूस त्या उभ्या रेघेला एक समजतो आणि सव्वा रुपयाचे अकरा करून ठेवतो. संशय आला की त्या पानाची बेरीज करून पाहावी. पानाखालचा एकूण आकडा जुळला नाही, तर चूक बहुधा अशाच एखाद्या रेघेत सापडते.

नक्कल पुरी झाली की शकावली. नमुना हवा तर जेधे शकावली पाहा. कारीच्या जेध्यांकडची ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली छापली. मिती आणि तिच्यापुढे एक-दोन ओळींत घटना, एवढाच तिचा संसार. शिवजन्माची नोंद तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे.

आता हिचा इंग्रजी सन काढू. शकात ७८ मिळवले की १६२९ येतात, आणि इथेच पाय घसरतो. शक चैत्रात बदलतो, इंग्रजी वर्ष जानेवारीत. त्यामुळे फाल्गुनातल्या मितीला ७९ मिळवावे लागतात. तारीख येते १९ फेब्रुवारी १६३०. वार ताडून पाहा, त्या दिवशी शुक्रवारच होता. १६२९ धरलं तर १९ फेब्रुवारीला गुरुवार येतो. मात्र ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च. म्हणून कोणती पद्धत वापरली ते नोंदीत लिहावंच लागतं.

संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर आणखी एक ताळा मिळतो. शकात बारा मिळवून साठाने भागा. १५५१ला बाकी तीन उरते, आणि तिसरा संवत्सर शुक्ल. शकावलीतही शुक्लच आहे.

आपल्या वऱ्हाडातल्या चोपडीत फसली सन भेटला तर ५९० मिळवायचे. हे वर्षही जानेवारीत सुरू होत नाही, तेव्हा महिना बघूनच ५९० की ५९१ ते ठरवा.

नोंद करताना मूळ मिती जशीच्या तशी आधी, काढलेली तारीख नंतर, मग घटना आणि शेवटी नकलेचं पान. समजा मजकूर असा आहे: ‘कार्तिक शुद्ध ५, पाऊस नाही, बैल विकिला, सावकारास व्याज रुपये १॥ दिल्हे.’ शकावलीत घटनेच्या जागी जाईल: ‘बैल विकला, सावकाराला व्याज दीड रुपया, पाऊस नाही.’ ‘व्याजापायी बैल विकला’ असं लिहायचा मोह होतो. पण मजकुरात ‘पायी’ नाही, तो जोड आपला. तसं म्हणायचंच असेल तर खाली टीप द्या, नोंदीत नको.