विमा म्हणजे भिशी नव्हे
(प्रभाग संघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्य विम्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "वर्षभर हप्ता भरला, आजारी कोणी पडलं नाही, पैसे वाया गेले." असं वाटतं, कारण आपण विम्याकडे भिशी म्हणून बघतो. भिशीत बारा जणी पैसे टाकतात आणि प्रत्येकीचा नंबर कधी ना कधी लागतोच. विम्याचं तसं नाही. इथं पैसे सगळ्या टाकतात, पण ज्यांच्यावर प्रसंग येतो त्यांनाच ते मिळतात. आपला नंबर लागला नाही तर आपलं नुकसान झालं नाही, आपण वाचलो.

आता हिशोब करून बघू. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत.

समजा, दर हजार बायकांमागे वर्षाला चाळीस जणींना दवाखान्यात भरती व्हावं लागतं आणि एका भरतीचा खर्च सरासरी पंधरा हजार येतो. चाळीस गुणिले पंधरा हजार म्हणजे सहा लाख रुपये. हे हजार जणींनी वाटून घेतले तर एकीच्या वाट्याला सहाशे येतात. त्यावर हिशोब, कागदपत्रं आणि थोडी शिल्लक यांसाठी आणखी काही टाकावे लागतात. विम्याचा हप्ता ठरतो तो असा.

मग हेच काम आपल्या बारा जणींच्या गटात का करू नये? करून बघा. बारा जणींत एखाद्या वर्षी कोणीच आजारी पडणार नाही आणि एखाद्या वर्षी दोघी पडतील. दोघींचे तीस हजार बारा जणींत वाटले तर प्रत्येकीला अडीच हजार द्यावे लागतील. म्हणजे एका वर्षी शून्य आणि पुढच्या वर्षी अडीच हजार. असा हप्ता कोण भरणार? हजार जणींत मात्र वाईट वर्ष आलं तरी चाळीसच्या जागी पन्नास-बावन्न जणी आजारी पडतील, आणि वाटा सहाशेचा पावणेआठशेच्या आसपास जाईल. आजारी कोण पडणार हे कुणालाच सांगता येत नाही, पण साधारण किती जणी पडणार हे मोठ्या समूहात सांगता येतं. सगळा विमा या एका गोष्टीवर उभा आहे.

आपल्याकडे हे प्रत्यक्ष करून दाखवलंय. पुण्या-मुंबईच्या वस्त्यांमधल्या कष्टकरी बायकांसाठी अन्नपूर्णा परिवार परस्पर सहकार्याचा आरोग्य निधी चालवतो. पैसे सभासद बायकांचे आणि निधीही त्यांचाच.

आता खरा वाद. दिंडोरीच्या द्राक्षबागेत कामाला जाणारी पंचवीस वर्षांची पोरगी विचारते, "मला काय धाड भरलीय? मी कशाला भरू?"

तिचा प्रश्न रास्त आहे. आपल्या हजार जणींत सातशे तरुण आहेत आणि त्यांच्यातल्या चौदाच आजारी पडल्या असं धरा. उरलेल्या तीनशे थोरल्या, त्यांच्यात सव्वीस. तरुणींचा वेगळा हिशोब केला तर वाटा येतो तीनशेचा, थोरल्यांचा तेराशेचा. सहाशे सारखे घेतले तर तरुणी जास्त भरतात, हे खोटं नाही.

म्हणून त्या सातशेजणी बाहेर पडल्या तर काय होईल? राहिलेल्या तीनशे जणींना तेराशे भरावे लागतील. मग त्यांच्यातल्या धडधाकट म्हणतील, एवढे कशाला? त्याही जातील. उरतील फक्त आजारी, आणि त्यांना हप्ता झेपणार नाही. दोन-तीन वर्षांत निधी बंद पडेल. मग ती पोरगी पंचेचाळीसची होईल, गुडघे धरतील, साखर वाढेल, तेव्हा तिला यायला निधी शिल्लकच नसेल.

पण नुसत्या दुसऱ्यांसाठी भर, असं मी तिला म्हणणार नाही. तिच्या स्वतःच्या फायद्याचंही बघू. सातशेतल्या चौदा तरुणी आजारी पडल्याच होत्या. अपेंडिक्स वय बघून दुखत नाही. डेंग्यू, साप, बाळंतपणातली गुंतागुंत, मोटारसायकलवरून पडणं, हे तर तरुणपणातच जास्त. बागेतून परतताना ती पडली, पायाचं हाड मोडलं आणि ऑपरेशनचे नव्वद हजार झाले, असं समजा. वर्षाला सहाशे बाजूला टाकून नव्वद हजार जमायला तिला दीडशे वर्षं लागतील. गटातून कर्ज काढावं, तर दरमहा दोनशेप्रमाणे बारा जणींची बचत तीन वर्षांत शहाऐंशी हजार होते. म्हणजे गटाची सगळी पुंजी एका पायाला पुरत नाही. आणि पुरली तरी दरमहा दोन टक्क्यांनी अठराशे नुसतं व्याज. कर्ज फेडावं लागतं, विम्याचे पैसे फेडावे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, घराला आग लागल्यावर विहीर खणता येत नाही. कंपनीची पॉलिसी घेतली तर अपघात सोडून बाकी आजारांना पहिले तीस दिवस सहसा काही मिळत नाही. हर्नियासारख्या ठराविक आजारांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजाराला कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवू शकते. धडधाकट असताना आत आलं की हा काळ निरोगीपणातच निघून जातो. शिवाय तिथं हप्ता वयाप्रमाणे असतो, म्हणून तरुणीला कमी पडतो. मात्र फॉर्म भरताना असलेला आजार लपवू नका. नंतर जुन्या कागदांत तो सापडला की दावा नाकारला जातो.

आता पहिल्या हिशोबाकडे या. हजार जणींचा निधी पंधरा-वीस हजारांची बिलं पेलतो. दोन-तीन लाखांची हृदयाची किंवा कॅन्सरची चार बिलं आली तर तो कोसळेल. म्हणून असे निधी देण्याची मर्यादा ठरवतात. बिल जेवढं मोठं, तेवढा समूह मोठा लागतो. राज्याएवढा समूह म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2012 साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नंतर राज्यभर आली. जुलै 2023 च्या शासन निर्णयानं ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली आणि संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं. हे पाच लाख वर्षाला सगळ्या कुटुंबाला मिळून आहेत. इथं आपल्याला हप्ता नाही, तो भार शासन उचलतं.

पण योजनेलाही कुंपण आहे. उपचार यादीतला हवा आणि रुग्णालय योजनेत असलेलं हवं. सर्दी-तापाची तपासणी आणि बाहेरून आणलेली रोजची औषधं यात बसत नाहीत. बहुतेक बायका फसतात त्या इथंच : घाईत जवळच्या दवाखान्यात जातात, पैसे भरतात आणि नंतर परत मागतात. तसे ते मिळत नाहीत. म्हणून दारातच विचारायचं, "आरोग्यमित्र कुठं बसतात?" योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार त्यांना दाखवायचं. यादीतल्या उपचारासाठी वर पैसे मागितले तर 155388 वर फोन करायचा.

येत्या बैठकीत प्रत्येक गटानं दोन कामं करावीत. रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची, नव्या सुनेचीही, नावं आहेत का ते बघावं. सून लग्न होऊन आली, नाव माहेरीच राहिलं आणि बाळंतपणात अडचण आली, तर धावपळ होते. दुसरं म्हणजे आपल्या तालुक्यातली योजनेची रुग्णालयं याच नंबरवर विचारून त्यांची नावं गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत. रात्री दोन वाजता ती शोधत बसायला वेळ नसतो.