झाडाला पार बांधताना

झाडाला पार बांधायचा म्हटलं की आपण सिमेंट किती, दगड कुठून, मिस्त्री कोण एवढंच विचारतो. झाडाचं काय होईल हे कुणी विचारत नाही. पार पडला तर पुन्हा बांधता येतो, पण चाळीस वर्षांचा निंब वाळला तर तो आपल्या हयातीत परत मिळत नाही. म्हणून आज आम्ही पाराचं काँक्रीट, आतली भर आणि बाहेरचा दगड या तीन गोष्टी सांगणार आहोत, पण झाडाच्या बाजूने.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. झाडाच्या मुळ्या पाण्यासाठी खोल जातात असं आपल्याला वाटतं. काही जातातही. पण अन्नपाणी ओढणाऱ्या बारीक मुळ्या बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेल्या असतात आणि त्यांना हवा लागते. त्यांच्यावर दीड फूट चिकट माती दाबून भरली, वरून काँक्रीट केलं, की खालची हवा बंद होते. बुंध्याचंही तसंच आहे. मुळाची साल ओल सोसते, खोडाची साल सोसत नाही. खोडाला माती टेकली की साल कायम ओली राहते, मऊ पडते आणि कुजते. झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षांनी पानं लहान येतात, शेंड्याकडच्या फांद्या वाळायला लागतात, आणि तोवर पार बांधल्याचं कुणाला आठवतही नाही.

म्हणून पार म्हणजे मातीने भरलेलं टाकं नव्हे. काँक्रीट फक्त भिंतीखाली आणि भिंतीत असावं, आतली भर हवा आणि पाणी जाऊ देणारी असावी, आणि बुंधा मोकळा असावा.

आता आमच्या गटाने ज्या निंबाला पार बांधला त्याचा हिशेब सांगतो. ग्रामपंचायतीचा ठराव झाल्यावर आम्ही बुंध्याला दोरी गुंडाळून मोजलं. घेर सहा फूट भरला, म्हणजे बुंधा साधारण दोन फूट रुंद. सालीपासून चारी बाजूंना सहा-सहा फूट जागा धरली आणि पाराची बाहेरची रुंदी १४ फूट ठरवली. याहून लहान पार करू नये. भिंत जितकी बुंध्याजवळ, तितक्या जाड मुळ्या आडव्या येतात.

गोल आखायला मध्ये खुंटी ठोकावी लागते, पण इथे मध्ये झाडच उभं. त्यावर सोपा उपाय आहे. दोरीला गाठ मारून मोठा फास करायचा, तो बुंध्याभोवती सैल टाकायचा, दुसऱ्या टोकाला काठी अडकवून दोरी ताणायची आणि काठी सालीपासून सहा फुटांवर येईल अशी गाठ सरकवायची. मग दोरी ताणलेली ठेवून काठीने रेघ ओढत झाडाभोवती फिरायचं. बुंधा ओबडधोबड असेल तर रेघ थोडी वाकडी येते, ती नजरेने सुधारून घ्यायची. आमच्या गोलाचा घेर ४४ फूट आला.

या रेघेच्या आतल्या बाजूने दीड फूट रुंद आणि फक्त अर्धा फूट खोल चर खणला. कुदळीने सपासप नाही, खुरप्याने आणि हाताने. मिस्त्री म्हणाले, ताई, पाया दोन फूट न्या. पण भिंत दीड फूटच उंच होती आणि खाली घट्ट मुरूम लागला होता. त्या भिंतीला अर्धा फूट पुरतो, आणि दोन फूट खणला असता तर निम्म्या मुळ्या तुटल्या असत्या. करंगळीएवढ्या मुळ्या आम्ही धारदार करवतीने साफ कापल्या. ओढून तोडलेली मूळ चिरते आणि तिथून सडते. मनगटाएवढ्या दोन मुळ्या मात्र तशाच ठेवल्या. तिथे काँक्रीट दोन्ही बाजूंना थांबवलं, मुळीला गोणपाट गुंडाळलं, भोवती दोन बोटं जागा सोडून कोरडी वाळू भरली आणि वरून अडीच फुटी जाड दगड पुलासारखा आडवा टाकला. मूळ पुढे जाड होणारच. तिला जागा दिली नाही तर ती भिंत उचलते.

पायाचं काँक्रीट एक घमेलं सिमेंट, चार वाळू, आठ खडी असं कालवलं. या चराला साधारण तीन गोणी सिमेंट लागलं. कालवण झाडापासून लांब, पत्र्यावर केलं. घमेली-थापी धुतलेलं पाणीही तिकडेच टाकलं, कारण सिमेंटचं पाणी चुन्यासारखं तिखट असतं आणि ते मुळ्यांवर जाऊ नये.

आता दगड. दर्शनी बाजूला पातळ फरशी चिकटवतात तसं आम्ही केलं नाही. पाराच्या भिंतीला आतून ओल आणि बाहेरून ऊन लागतं, त्यामुळे चिकटवलेली फरशी काही वर्षांत सुटते. आम्ही काळ्या दगडाच्या खांडक्या आणल्या. खांडकी म्हणजे पुढून चौकोनी घडवलेली आणि मागे निमुळती होत गेलेली. तो निमुळता भाग मागच्या काँक्रीटमध्ये रुततो, म्हणून दगड सुटत नाही. आणि मागे निमुळती असल्यामुळेच ती गोलात नीट बसते. तोंड मात्र एक फुटापेक्षा लांब नको, नाहीतर गोल भिंतीत दगडांचे कोपरे पुढे येतात. आमच्या खांडक्या एक फूट लांब, पाऊण फूट उंच होत्या. ४४ फुटांच्या घेरात एका थराला चव्वेचाळीस, दोन थरांना अठ्ठ्याऐंशी. फुटतुटीसाठी दहा जास्त घेतल्या.

आधी दगडाचा एक थर लावायचा, पाणसळ धरून बघायचा. मग आतल्या बाजूने पत्रा वाकवून उभा करायचा आणि दगड व पत्रा यांच्यामध्ये साधारण आठ इंच जाडीचं काँक्रीट ओतायचं. इथे एक सिमेंट, तीन वाळू, सहा खडी. सळईने टोचून टोचून बसवायचं, नाहीतर दगडाच्या मागे पोकळी राहते. दुसऱ्या दिवशी दुसरा थर. वरच्या थराच्या काँक्रीटमध्ये आठ मिलिमीटरच्या सळईचं गोल कडं घातलं आणि तिची दोन टोकं दीड फूट एकमेकांवर चढवून बांधली. आतली भर भिंतीला बाहेर ढकलत असते. पिंपाला लोखंडी पट्टी असते तसं हे कडं भिंतीला आवळून धरतं. वर बसायला शहाबादी फरशीचे छोटे तुकडे लावले, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. सगळं धरून सिमेंट नऊ-दहा गोणी लागलं. दहा दिवस गोणपाट ओलं ठेवून पाणी मारलं आणि तोवर आत काहीही भरलं नाही.

पहिला थर लावतानाच जमिनीलगत दोन इंची पाइपाचे तुकडे बाहेर उतार देऊन बसवायचे. आम्ही साडेपाच फुटांवर एक असे आठ बसवले. साप-उंदीर शिरू नयेत म्हणून तोंडाला जाळी लावली. या भोकांतून पावसाचं पाणी बाहेर येतं आणि हवा आत जाते.

आता सर्वांत महत्त्वाची ती भर. आधी सालीपासून दीड फूट सोडून दगडांचं एक आतलं कडं रचलं, सिमेंट न लावता. या कड्याच्या आत काहीच भरायचं नाही. बुंधा खाली जिथे पसरट होतो, तो पसरट भाग मूळच्या जमिनीवर दिसला पाहिजे. मग जमिनीवरचं गवत हाताने काढलं. जमीन खणली नाही, धुम्मसही केली नाही. तळाला आठ इंच मोठे गोटे आणि डबर, त्यावर चार इंच खडी, आणि सर्वांत वर सहा इंच मुरूम. खडीचा थर मधे असल्यामुळे मुरूम गोट्यांच्या फटीत उतरत नाही आणि खालची हवेची वाट उघडी राहते. ही सगळी भर सव्वा ब्रास झाली. मुरूम पाणी मारून, फक्त हाताने धोपटून बसवला. वर फरशी किंवा कोबा केला नाही.

काळी माती फुकट मिळते म्हणून भरू नका. ती पावसात फुगते आणि भिंत बाहेर ढकलते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात. तुमच्या गावची जमीनच खोल काळी असेल, तर अर्ध्या फुटाचा असा पाया तिच्यावर टिकणार नाही, आणि खोल पाया झाडाला सोसणार नाही. तिथे सिमेंटचा पार न बांधता मोठ्या दगडांची कोरडी रचाई करा. ती थोडी हलते, पण तडकत नाही, आणि एखादा दगड सरकला तर आपला आपण लावता येतो.

वड-पिंपळाला हे माप चालत नाही. त्यांच्या मुळ्या सांध्यात शिरतात, वडाच्या पारंब्या जमिनीत उतरतात. तिथे पार बराच लांबून घ्यावा.

आमच्या तालुक्यात एका ठिकाणी ठेकेदाराने निंबाच्या पारात माती भरून सालीपर्यंत फरशी केली आहे. तिथला बुंधा खांबासारखा सरळ फरशीत घुसलेला दिसतो आणि शेंडा वाळला आहे. तुमच्या गावात असा पार असेल तर सालीजवळ बोटाने दाबून बघा. साल मऊ लागली तर बुंध्याभोवतीची दीड-दोन फूट फरशी काढून माती हाताने उपसा. एकदम सगळं उकरू नका, मातीत नव्या मुळ्या फुटलेल्या असू शकतात.

नवा पार झाला की पहिल्या मोठ्या पावसानंतर एक फेरी मारा. आठही भोकांतून पाणी येतंय का? आतल्या कड्यात पाणी साचून तर नाही ना? पाणी आलं नाही आणि भिंतीवर ओलीची रेघ दिसली, तर भोक तुंबलं आहे, सळई घालून मोकळं करा. भिंतीला वर रुंद आणि खाली बारीक अशी भेग पडली, तर खालून मूळ उचलतंय का ते उकरून बघा. दगडावर हातोडी हलकेच वाजवा. पोकळ आवाज आला तर त्याच्या मागे काँक्रीट बसलेलं नाही, त्याचा सांधा उकरून तिथे पातळ सिमेंट ओता. कड्यात पडलेला पाला दर पावसाळ्याआधी काढा. आणि पूजेचा दिवा बुंध्याशी न ठेवता बाहेरच्या फरशीवर ठेवा. आचेने साल जळते.