लव्ह स्प्रेडचा मूलांक: बेरीज करायच्या आधी काय ठरवायचं?

लव्ह स्प्रेड मांडला, एकेक पत्ता वाचला, आणि शेवटी सगळ्या पत्त्यांच्या आकड्यांची बेरीज करून एक मूलांक काढला. आज फक्त या शेवटच्या पायरीबद्दल बोलूया, कारण बरेच जण इथेच घाई करतात.

एक उदाहरण घेऊ. ती साताऱ्यात नोकरीला, तो सांगलीत. रविवारी भेटायचं तर मधे कराड, दोघांनाही बरं पडतं. आता तिचा प्रश्न असा, की इथली नोकरी सोडून सांगलीला जावं का? पाच पत्ते काढले. ती स्वतः: क्वीन ऑफ कप्स. तो: एट ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे मान खाली घालून कामात बुडालेला कारागीर. दोघांमधलं नातं: टू ऑफ कप्स. अडचण: जस्टिस. आणि पुढची वाट: फोर ऑफ वाँड्स. त्या चित्रात चार काठ्यांवर हार बांधलेला आहे, अगदी आपल्या मांडवासारखा.

आता बेरीज. क्वीनवर आकडाच छापलेला नसतो. काही जण पेज ११, नाइट १२, क्वीन १३, किंग १४ धरतात. काही जण या चौघांना शून्य धरतात. मी शून्य धरते. म्हणजे ० + ८ + २ + ११ + ४, झाले २५. बेरीज २२ च्या वर गेली की तिचे अंक पुन्हा मिळवायचे: २ + ५ = ७. मेजर अर्कानातला सातवा पत्ता म्हणजे चॅरियट, रथ.

पण क्वीनला १३ धरलं असतं तर? बेरीज ३८, त्याचे ११, म्हणजे परत जस्टिसच. आणि डेक जुन्या मार्से पद्धतीचा असता तर अजून वेगळं, कारण तिथे जस्टिस ८ वर असतो आणि स्ट्रेंग्थ ११ वर. १९०९ च्या रायडर-वेट डेकमध्ये या दोघांची अदलाबदल झाली. मार्सेने बेरीज २२ येते, आणि या पद्धतीत २२ म्हणजे फूल. बघा, पत्ते तेच, प्रश्न तोच, आणि उत्तरं तीन! म्हणून क्वीनचं काय करायचं हे पत्ते पिसायच्या आधी ठरवायचं. निकाल आवडला नाही म्हणून नंतर नियम बदलला, तर ते वाचन राहत नाही, मनातलं उत्तर काढून घेणं होतं.

दुसरं, नुसता ७ लिहून ठेवू नका, २५/७ असं लिहा. १६ वरूनही सातच येतो, पण १६ म्हणजे टॉवर, कोसळणारा बुरूज. त्या सातात आधी काहीतरी मोडलेलं असतं. सहाचं तर विचारूच नका. लव्ह स्प्रेडमध्ये ६ आला की सगळे खूश, कारण सहावा पत्ता लव्हर्स. पण तो १५ वरून आला असेल तर मधे डेव्हिल बसलाय. रायडर-वेटमध्ये ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा: मांडणी जवळजवळ तीच, फक्त डेव्हिलमधल्या जोडप्याच्या गळ्यात साखळ्या आहेत.

अजून एक घोळ आपल्याकडे हमखास होतो. अंकशास्त्रात ७ केतूचा, आणि केतू म्हटलं की वैराग्य. मग लगेच ‘हे नातं टिकणार नाही’ असा अर्थ लावून मोकळे! टॅरोतला सात रथाचा आहे. एका वाचनात एकच पद्धत धरा.

मग या रथाचं तिला काय सांगायचं? चित्रात रथाला एक काळा, एक पांढरा असे दोन स्फिंक्स आहेत. गंमत म्हणजे सारथ्याच्या हातात लगाम नाहीत, फक्त एक दंड आहे. दोन वेगळ्या ओढी, आणि दोघांना एका दिशेला न्यायचं ते इच्छाशक्तीवर. अडचणीच्या जागी जस्टिसचा तराजू आहे, म्हणजे कोण किती सोडणार हे दोघांनी अजून मोकळेपणी बोललेलं नाही. मूलांक ‘जा’ किंवा ‘नको’ सांगत नाही, तो सगळ्या स्प्रेडचा सूर सांगतो. इथला सूर असा, की रथ हलणार आहे, पण हाकतंय कोण? सांगली तिने निवडली, की त्याला काम सोडता येत नाही म्हणून ती तिच्या वाट्याला आली? हे तिने त्यालाच विचारायचं, येत्या रविवारी.

आणि या अंकाला एक गोष्ट अजिबात दिसत नाही, ती म्हणजे ९. कुठल्याही बेरजेत ९ मिळवा, शेवटचा एक आकडी मूलांक तोच राहतो. तिच्या स्प्रेडमध्ये फोर ऑफ वाँड्सच्या जागी नाइन ऑफ कप्स, म्हणजे इच्छापूर्तीचा पत्ता आला असता, तर बेरीज ३० आणि मूलांक ३. तो पत्ता काढून टाकला तर बेरीज २१, मूलांक पुन्हा ३. हर्मिट ९ आणि मून १८ यांचंही तसंच. तुमच्या स्प्रेडमध्ये यातला एखादा आला, तर तो मूलांकात सापडणार नाही. तो ज्या जागी पडलाय, तिथेच वाचा.