मच, मेनी, लॉट आणि प्लेंटी



इंग्रजी शिकायला लागलं की मच आणि मेनी यांतला फरक सुरुवातीच्या धड्यांतच सांगितला जातो. जे मोजता येतं त्याला मेनी, जे मोजता येत नाही त्याला मच. मेनी बुक्स, मेनी चेअर्स. मच मिल्क, मच टाइम. नियम बरोबर आहे, परीक्षेत मार्कही मिळवून देतो. पण तो अर्धाच आहे. या नियमाच्या भरवशावर कोणी 'आय हॅव मच मनी' म्हणालं, तर मोजण्या-न मोजण्याच्या हिशेबात चूक काढता येत नाही. तरीही ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जातं त्यांच्या कानाला ते खटकतं. 'आय डोन्ट हॅव मच मनी' म्हटलं, की मात्र काहीच खटकत नाही. शब्द तेच आहेत, फक्त वाक्य नकारार्थी झालं. नियमाचा उरलेला अर्धा भाग इथेच आहे.

आपल्याला हा प्रकार अनोळखी नाही. मराठीतला 'फारसा' हा शब्द घ्या. 'मला फारसा वेळ नाही' हे आपण दिवसातून कितीदा तरी म्हणतो. पण 'मला फारसा वेळ आहे' असं कोणी म्हणत नाही. हा शब्द नकाराशिवाय उभाच राहत नाही. रोजच्या बोलण्यातला मच हा असाच आहे, मात्र थोडा कमी हट्टी. नकारात तो खुशाल बसतो, प्रश्नातही बसतो: 'डू यू हॅव मच वर्क टुडे?' होकारार्थी वाक्यात मात्र बोलताना त्याची जागा 'अ लॉट ऑफ' घेतो. 'आय हॅव अ लॉट ऑफ वर्क टुडे.' मेनीची ओढही त्याच बाजूला आहे, पण त्याचा हट्ट मचपेक्षा सौम्य. 'आय हॅव मेनी फ्रेंड्स' हे चुकीचं नाही, थोडं पुस्तकी वाटतं इतकंच. गप्पांत 'अ लॉट ऑफ फ्रेंड्स' जास्त ऐकू येतं.

याला एक मोठा अपवाद आहे. मच किंवा मेनीच्या आधी टू, सो किंवा ॲज आला, की होकारार्थी वाक्यातही त्यांना मोकळीक मिळते. चहात साखर जास्त झाली तर 'देअर इज टू मच शुगर' असंच म्हणायचं. 'सो मेनी पीपल केम' हेही अगदी घरगुती बोलणं आहे. प्रश्नातला 'हाऊ मच' तर आपण रोज वापरतो. गंमत उत्तरात आहे. 'हाऊ मच मिल्क इज लेफ्ट?' याला दूध कमी असेल तर 'नॉट मच' हे उत्तर चालतं. दूध खूप असेल तर नुसतं 'मच' म्हणून भागत नाही. तिथे 'अ लॉट' म्हणावं लागतं.

'अ लॉट ऑफ'ची सोय अशी, की तो मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या दोन्हींना चालतो, आणि नकारातही चालतो. क्रियापद मात्र लॉटकडे बघत नाही, ऑफच्या पुढच्या नामाकडे बघतं. म्हणून 'अ लॉट ऑफ मिल्क इज लेफ्ट', पण 'अ लॉट ऑफ स्टुडंट्स आर वेटिंग'. पुष्कळजण लॉटच्या आधीचा 'अ' ऐकून पुढे 'इज' लावतात, तिथे गफलत होते.

आता प्लेंटी ऑफ. त्याचा अर्थ नुसता खूप असा नाही. लागेल तेवढं आहे आणि वर उरेलही, असं आश्वासन त्यात आहे. गाडी सुटायला तासभर असेल तर 'वुई हॅव प्लेंटी ऑफ टाइम' म्हणून आपण बरोबरच्या माणसाला निश्चिंत करतो. असं आश्वासन देणाऱ्या शब्दाचं नकाराशी जमत नाही. 'वुई डोन्ट हॅव प्लेंटी ऑफ टाइम' हे तितकंच अवघडलेलं वाटतं, जितकं 'आपल्याकडे भरपूर वेळ नाही' हे मराठीत. वेळ कमी असेल तर 'नॉट मच टाइम' म्हणावं, पुरत नसेल तर 'नॉट इनफ टाइम'.

राहिली औपचारिक भाषा, म्हणजे अर्ज, अहवाल, निबंध. इथे पारडं फिरतं. अ लॉट ऑफ आणि प्लेंटी ऑफ दोघेही घरच्या कपड्यांत कचेरीत आल्यासारखे दिसतात, आणि बोलण्यात पुस्तकी वाटणारा मेनी इथे शोभतो. मचसुद्धा होकारार्थी वाक्यात परत येतो, पण बहुधा कामाचा, अभ्यासाचा, कष्टाचा उल्लेख असेल तेव्हा. 'मच वर्क रिमेन्स टु बी डन' हे अहवालात छान दिसतं. 'वुई बॉट मच शुगर' अहवालातही बरं दिसत नाही. तिथे मोजता न येणाऱ्यासाठी 'अ ग्रेट डील ऑफ' किंवा 'अ लार्ज क्वांटिटी ऑफ', आणि मोजता येणाऱ्यासाठी 'अ लार्ज नंबर ऑफ' हाताशी ठेवावेत. प्लेंटी ऑफच्या जागी 'अँपल' वापरता येतो.

आता एक अर्ज तपासू. समजा, एका गावातलं वाचनालय एखाद्या संस्थेकडे इंग्रजीत मदत मागतं आहे. कच्चा मसुदा असा: 'अवर लायब्ररी हॅज मच बुक्स. अ लॉट ऑफ स्टुडंट्स कम्स एव्हरी इव्हनिंग. वुई डू नॉट हॅव प्लेंटी ऑफ फर्निचर्स.'

पहिल्या वाक्यात पुस्तकं मोजता येतात, त्यामुळे मच गेला. अर्ज औपचारिक आहे, म्हणून 'अवर लायब्ररी हॅज अ लार्ज नंबर ऑफ बुक्स'. दुसऱ्या वाक्यात स्टुडंट्स अनेक आहेत, म्हणून कम्स नव्हे, कम; आणि लॉट काढून सरळ 'मेनी स्टुडंट्स कम एव्हरी इव्हनिंग'. तिसऱ्यात दोन गोष्टी आहेत. फर्निचर इंग्रजीत मोजत नाहीत, त्याला एस लागत नाही. इन्फर्मेशन, लगेज, ॲडव्हाइस ही त्याचीच भावंडं. आणि नकारात प्लेंटी नको. मग 'वुई डू नॉट हॅव मच फर्निचर' असं लिहावं का? व्याकरण सुटलं, पण अर्जाचं काम झालं नाही. फारसं फर्निचर नाही, ही नुसती माहिती झाली. पुरेसं फर्निचर नाही, ही मागणी झाली. म्हणून 'वुई डू नॉट हॅव इनफ फर्निचर'. यातलं पहिलं वाक्य तोंडी सांगताना मात्र 'वुई हॅव अ लॉट ऑफ बुक्स' म्हणायला काहीच हरकत नाही.

तेव्हा श्रोतेहो, या चार शब्दांतला एखादा वापरण्याआधी तीन गोष्टी बघा: पुढचं नाम मोजता येतं का, वाक्य होकारार्थी आहे की नकारार्थी, आणि आपण बोलतो आहोत की अर्ज लिहितो आहोत. बोलताना शंका आलीच तर अ लॉट ऑफ वापरा, तो सहसा दगा देत नाही. अर्जात शंका आली तर मोजता येणाऱ्याला मेनी लावा. आणि नकारात प्लेंटी कधीच घालू नका.